सक्ती नाही, मग ९५ टक्के का?

«कायद्याची सक्ती नाही, नवऱ्याचीही नाही. लग्नानंतर आडनाव बदलायचं की नाही हे बाई स्वतः ठरवते. त्यात कोणाच्या अपेक्षा कशाला शोधायच्या? शिवाय आडनाव एक असलं की घर एक राहतं.» हा युक्तिवाद नेहमीचाच.

आधी कायद्याचं बघू. उदाहरण जपानचं घेऊ. तिथल्या नागरी कायद्याचं कलम ७५० सांगतं की लग्न करणाऱ्या दोघांनी एकच आडनाव घ्यावं. कोणाचं, ते सांगत नाही. नोंदणीच्या अर्जावर ‘नवऱ्याचं’ किंवा ‘बायकोचं’ यापैकी एकावर खूण करायची, एवढंच. तरीही सुमारे ९५ टक्के जोडपी नवऱ्याचंच आडनाव घेतात. ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न असता, तर पारडं इतकं एका बाजूला झुकलं नसतं. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात हे कलम १० विरुद्ध ५ मतांनी टिकलं. जुनं नाव व्यवहारात वापरता येतं, हाही बहुमताचा एक आधार होता. पीठावरच्या तिन्ही स्त्री न्यायाधीश मात्र विरोधात होत्या.

आता नवऱ्याचं. ‘तुला हवं ते कर’ हे ऐकायला मोकळं वाटतं, पण त्यात त्याचं स्वतःचं नाव पणाला लागलेलंच नसतं. समजा, ती संशोधक आहे. तिचे निबंध जुन्या नावावर आहेत, पासपोर्ट नव्या नावावर झाला. परिषदेच्या दारात ओळखपत्र आणि निमंत्रण जुळत नाही. पदवी, बँक, करखातं, प्रत्येक ठिकाणी लग्नाचा दाखला दाखवत तीच फिरते. अशा वेळी तिने एकदा विचारावं, ‘तू माझं आडनाव घेशील?’ उत्तर बहुधा असं येतं: माझी सगळी कामं या नावावर आहेत, आईला काय वाटेल, लोक हसतील. ही कारणं खरीच आहेत. पण शब्दशः तीच कारणं तिच्याकडेही होती, आणि ती कोणी विचारली नव्हती. दोन्ही आडनावं जोडायची तडजोड निघते तेव्हाही जोडनाव कोण लावणार हे पाहा. बहुतेकदा एकटी तीच.

प्रत्येक बदलामागे दडपण असतं असं मी मुळीच म्हणत नाही. कोणाला दुरावलेल्या वडिलांचं नाव टाकायचं असतं, कोणाला नवं नाव मनापासून आवडतं. मला फरक दिसतो तो एवढ्यावरून, की उलटा प्रश्न घरात निघाला का आणि त्यावर दोघं गंभीरपणे बोलले का.

राहिलं घर एक राहण्याचं. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात १९८१ पासून, ग्रीसमध्ये १९८३ पासून लग्नानंतरही जन्माचं आडनाव कायम राहतं, आणि तिथेही घरं घरांसारखीच चालतात. खरा पेच मुलांच्या आडनावाचा आहे. ग्रीसच्या १९८३ च्या कायद्यात ते लग्नाआधीच दोघांनी जाहीर करायचं होतं. जाहीर करायचं राहून गेलं, तर मुलांना वडिलांचं आडनाव लागायचं.