दोन पैशांसाठी परत आलेलं बिल

डोकं फिरलंय आज. कर्नाटकात निपाणीत आमचं स्टेशनरीचं दुकान आहे आणि सगळा भाव टॅक्स धरूनच सांगतो, गिऱ्हाईक १०० म्हटलं की १०० च देणार. शाळेने म्हटलं की मूळ किंमत आणि टॅक्स वेगळा दाखवून एक्सेल पाठवा, पाठवली, तर अकाउंटंट बाईंनी परत पाठवली, म्हणे छापील बिलाशी जुळत नाही, दोन पैशांचा फरक आहे. दोन पैसे!

त्यात धाकटा भाऊ म्हणतोय, अरे १०० तून १८ टक्के काढ की, ८२ झाले. अरे बाबा, १८ टक्के १०० वर लागत नाहीत, मूळ किमतीवर लागतात, म्हणून १०० ला १.१८ ने भागायचं. येतात ८४.७५. आता त्यावर सीजीएसटी ९ टक्के, ७.६३, एसजीएसटी पण ७.६३. बेरीज करा. १००.०१! एक पैसा आला कुठनं? दोन्ही टॅक्स सारखेच हवेत म्हणून, मग एकूण टॅक्सचे पैसे समच येणार, १५.२५ कधी बसणारच नाही. तोच माल महाराष्ट्रात कागलला पाठवला की आयजीएसटी एकच असतो, १०० ला १८ ने गुणून ११८ ने भागलं की १५.२५ आणि मूळ ८४.७५, बरोब्बर १००. सीमा ओलांडली की हिशोब सुटतो आणि आपल्याच गावात सुटत नाही, संताप येणार नाही तर काय.

मग मी उलटं केलं, आधी अर्धा टॅक्स काढला, राऊंड केला, आणि मूळ किंमत वजाबाकीने काढली. A2 मध्ये रक्कम, B2 मध्ये दर, टक्क्याचं चिन्ह न लावता नुसता 18:

```
C2: =ROUND(A2*B2/(200+2*B2),2)
D2: =A2-2*C2
```

७.६३ दोनदा आणि ८४.७४. शंभर जुळले. जॉमेट्री बॉक्स ५ टक्क्यांत, वह्या शून्यात, सगळं जुळलं.

तरी बिल जुळेना! १८ टक्क्यांच्या पाच ओळी होत्या, प्रत्येकी १००. माझ्या शीटमध्ये ओळीओळीने राऊंड केल्यावर सीजीएसटी ३८.१५ आणि मूळ ४२३.७०, आणि छापील बिलावर ३८.१४ आणि ४२३.७२. तीन तास गेले तेव्हा कळलं, आमचं सॉफ्टवेअर ओळीवर राऊंडच करत नाही, एका दराच्या सगळ्या ओळींची बेरीज ५०० करून मग एकदाच टॅक्स काढतं. ओळीवर छापतं मात्र ७.६३ च! मग पाच ७.६३ ची बेरीज खालच्या आकड्याशी जुळेल कशी, आणि हे कुठे लिहिलेलं पण नाही. कुणाचं अडलं असेल तर आधी छापील ओळींचा सीजीएसटी बेरीज करून खालच्या आकड्याशी ताडून बघा, फरक पडला तर दरानुसार बेरीज करून मग सूत्र लावा.

आणि जुनी बिलं? २२ सप्टेंबर २०२५ च्या आधीचा तोच जॉमेट्री बॉक्स १२ टक्क्यांत आहे, दर बिलाच्या तारखेनुसार घ्यायचा, आता बसलोय एकेक तारीख बघत.