परदेशातून: घटात उगवते ती कोण?

«ताई, मेलबर्नला दुसऱ्या वर्षी घट बसवला आणि दुसऱ्यांदाही धान्य कुजलं. पुण्याहून आई म्हणते, देवीला मान्य नसेल. त्यापेक्षा नऊ दिवस नऊ रंगांचे कपडे घातले तर पुरे ना?»

धान्य कुजलं ते पाण्यामुळे. पुण्यात घट म्हणजे भाजलेल्या, पण ग्लेज नसलेल्या मातीचं मडकं असतं. त्यातलं पाणी अंगातून हळूहळू पाझरतं आणि भोवतीची माती नुसती ओलसर राहते. इथे आपण तांब्याचा कलश ठेवतो किंवा रोपवाटिकेतली चकचकीत कुंडी आणतो. त्यातून थेंबही पाझरत नाही. मग रोज सकाळी फुलपात्राने पाणी घातलं जातं, आणि बंद तळाच्या ताटात धान्य बुडून मरतं. ग्लेज नसलेली मातीची कुंडी मिळाली तर तळाचं भोक मेणाने बुजवून तीच घट म्हणून वापरा. नाही मिळाली तर कलश चालेल, पण मातीवर पाणी ओतायचं नाही, हाताने शिंपडायचं. माती चिमटीत धरली की चिकटावी, गळू नये.

दुसरी चूक धान्याची. अश्विनात पुण्याची हवा उबदार असते, मेलबर्नच्या रात्री मात्र अजून गार. ज्वारी-बाजरीला ऊब लागते. हरभरा फुगतो आणि सगळ्यांत आधी सडतो. गहू आणि जव मात्र थंडीतही उगवतात, म्हणून मुख्य भर त्यांचा ठेवा आणि बाकीची धान्यं चिमूटभरच घाला. जव सालीसकट घ्या. सुपात वापरतात तो पांढरा, पॉलिश केलेला जव कधीच उगवणार नाही. धान्य रात्रभर भिजवा. दोन इंच मातीवर पसरा, वर अर्धा बोट माती. पुण्याहून वावरातली माती आणू नका, ती विमानतळावरच काढून घेतात. इथल्या पिशवीतल्या मातीत तिसरा हिस्सा वाळू मिसळली की काम होतं.

तिसऱ्या दिवशी पांढरी लव दिसली की घाबरून सगळं फेकून देणारे पाहिलेत. नीट बघा. लव फक्त मुळाभोवती असेल आणि पाणी शिंपडल्यावर बसून जात असेल, तर ती मुळांचीच. दाण्यादाण्यांमध्ये जाळं विणलेलं दिसलं आणि आंबूस वास आला, तर बुरशी. तेवढाच भाग चमच्याने काढून टाका. अंकुर पिवळे आले म्हणजे अपशकुन नव्हे, माळांच्या आडोशाला उजेड कमी पडला एवढंच.

आता रंगांबद्दल. मंडळातले एक इंजिनियर काका म्हणाले, «घट म्हणजे रब्बीच्या बियाण्याची उगवण-चाचणी. शेती नाही, तर घट कशाला?» काकांचं निम्मं बरोबर आहे, शेतकऱ्याला त्यातून बियाण्याचा अंदाज येतो. पण देवीमाहात्म्याच्या अकराव्या अध्यायात देवी सांगते की दुष्काळात मी माझ्याच देहातून उगवलेल्या भाज्यांनी जग पोसेन आणि शाकंभरी म्हणून ओळखली जाईन. म्हणजे घटाभोवतीची माती हा देवीचा देहच, असं मी मानते. पाचव्या अध्यायात तर देव तिला भूक, तहान, झोप, एवढंच काय भ्रांती या रूपांतही नमस्कार करतात. ही शक्ती गोड-गोजिरी नाही, ती जगण्याचा सगळा ऐवज आहे. रंगांची यादी त्या ग्रंथात कुठेच नाही. हौस म्हणून साडी नेसा, पण ती घटाची जागा घेणार नाही.

याच बोलण्यात एका काकूंनी प्रश्न वेगळाच ऐकला. «म्हणजे हे गेल्यानंतर मीही घट बसवू शकते?» विचारलं नव्हतं ते, पण खरा प्रश्न तोच होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हापासून पुण्यातल्या घरांतही हा वाद निघतो. संस्कृत शिकवणाऱ्या एका आजींनी शांतपणे सांगितलं, «त्याच अकराव्या अध्यायात सगळ्या स्त्रिया देवीचीच रूपं म्हटल्या आहेत, त्यात सवाष्ण ही अट नाही. आणि देवीच्याच दहा रूपांमधली, म्हणजे दहा महाविद्यांमधली, धूमावती तर विधवाच आहे.»

काकूंच्या दिरांना हे पटलं नाही. «कुळाचार ग्रंथावर चालत नाही, घरावर चालतो,» ते म्हणाले. त्यांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही, कारण घट कुणी बसवायचा हे खरंच घरोघरी वेगळं असतं. पण घर चालवणारे हात बदलले की कुळाचारही त्या हातांनीच चालतो. काकूंनी अजून ठरवलेलं नाही. गहू मात्र त्यांनी विकत आणून ठेवलाय.

आणि तुझ्या आईला सांग, दसऱ्याला अंकुर कापून देवीला वाहायचे, मग घरातल्यांच्या कानावर खोवायचे. चार बोटं वाढले तरी पुरतात.