मुख्य व्यवसायाच्या विक्रीला हरकत: एका संदेशाला उत्तर

"कंपनीचा कारखाना विकायचा की नाही हे संचालक ठरवतात, सभेत साधे बहुमत पुरते. विरोध असेल तर हरकतीची नोटीस पाठवा आणि सभेला जाऊ नका. गैरहजर माणसाचे मत विरोधातच धरतात आणि नोटीस पोहोचली की सभा आपोआप थांबते."

बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्री कंपनीचे भागधारक हा संदेश गेला आठवडाभर एकमेकांना पाठवत आहेत. निपाणी आणि खानापूरच्या काही जुन्या भागधारकांनी त्यावर विसंबून सभेला न जाण्याचे ठरवले आहे, म्हणून हे लिहीत आहे. कंपनी सार्वजनिक आहे, पण शेअर बाजारात नोंदलेली नाही, आणि सभासद 180 च्या आसपास आहेत. नोंदलेल्या कंपन्यांचे नियम अधिक कडक असतात आणि खासगी कंपन्यांना अशा विक्रीच्या कलमातून बहुतांशी सूट आहे, त्यामुळे पुढचे सर्व या प्रकारच्या कंपनीपुरते वाचावे.

साधे बहुमत पुरत नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 180(1)(अ) प्रमाणे संपूर्ण किंवा जवळपास संपूर्ण उपक्रम विकण्यासाठी संचालक मंडळाला विशेष ठराव लागतो. ज्या उपक्रमात मागील लेखापरीक्षित ताळेबंदानुसार कंपनीच्या निव्वळ मालमत्तेच्या 20 टक्क्यांहून अधिक गुंतवणूक आहे, किंवा जो मागील वर्षी एकूण उत्पन्नाच्या 20 टक्के उत्पन्न देतो, तो या कलमात येतो. ज्या फाउंड्रीवर कंपनी उभी आहे, तिच्याबाबत ही कसोटी लागते का असा वाद सहसा राहतच नाही.

विशेष ठरावाला बाजूची मते विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट असावी लागतात. एकूण शेअर 10 लाख आणि त्यांतले 6 लाख प्रवर्तकांकडे आहेत असे समजू. उरलेल्या 4 लाखांपैकी दीड लाखांनी विरोध केला आणि बाकीचे घरी राहिले, तर तिप्पट साडेचार लाख होते आणि ठराव संमत होतो. बरोबर 2 लाखांनी विरोध केला तरीही तो संमत होतो, कारण तिप्पट 6 लाखच भरते. तो पडायला 2 लाखांपेक्षा एक तरी मत जास्त लागते.

यातच गैरहजेरीचे उत्तर आहे. न आलेल्याचे मत कोणत्याच बाजूला मोजले जात नाही, त्यामुळे निपाणीच्या ज्या मंडळींनी घरी राहून विरोध करायचे ठरवले आहे, ते खरे तर प्रवर्तकांचे काम सोपे करत आहेत. ज्यांना जमत नाही त्यांनी प्रॉक्सीचा अर्ज सभेच्या 48 तास आधी पोहोचेल असा द्यावा. मात्र प्रॉक्सीला सभेत बोलता येत नाही आणि हात वर करूनही मत देता येत नाही, शेअरनुसार मतमोजणी झाली तरच त्याचे मत लागते. ती मोजणी मागायला एकूण मताधिकाराच्या दहाव्या हिश्श्याइतके किंवा 5 लाख रुपये भरलेले शेअर लागतात. दर्शनी किंमत 10 रुपये असेल तर ते 50,000 शेअर होतात, आणि हे गणित सभेआधी जुळवलेले असावे.

एका भागधारकाच्या पत्राने सभा थांबत नाही. तरीही पत्र निरुपयोगी नाही, फक्त त्यात काय मागितले आहे यावर सारे अवलंबून असते. नुसता "माझा विरोध आहे" असा मजकूर फायलीत जातो. त्याऐवजी खरेदीदार कोण, मूल्यांकन कोणी केले, विक्रीचे पैसे कशावर खर्च होणार आणि त्यानंतर कंपनी कोणता धंदा करणार, हे नेमके विचारावे. कलम 102 प्रमाणे सभेच्या सूचनेसोबतच्या स्पष्टीकरणात संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांचे हितसंबंध सांगावे लागतात, आणि ते दडवून एखाद्या संचालकाने फायदा घेतला तर तो त्याने कंपनीसाठी विश्वस्त म्हणून धरलेला मानला जातो. इथे एक खाच आहे: कायद्याच्या नातेवाइकांच्या यादीत जावई येतो, मेहुणा येत नाही. म्हणून नाते विचारताना "संचालकांशी इतर कोणताही संबंध" असेही लिहावे.

आपले म्हणणे कंपनीने सर्व सभासदांना पाठवावे अशी इच्छा असेल, तर कलम 111 खाली निवेदन देता येते. त्यासाठी दहाव्या हिश्श्याचे भागधारक एकत्र यावे लागतात, खर्च त्यांचा, आणि निवेदन सभेच्या किमान दोन आठवडे आधी नोंदणीकृत कार्यालयात पोहोचावे लागते. सभेची सूचना 21 पूर्ण दिवसांची असते, म्हणजे सह्या गोळा करायला जेमतेम आठवडाच मिळतो.

पत्र मराठीत लिहायला हरकत नाही, पण सोबत इंग्रजी प्रत जोडावी. प्रकरण पुढे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या बेंगळुरू खंडपीठाकडे गेले, तर कागद इंग्रजीतच लागतात आणि पोचपावतीवरची तारीख तिथे कामाला येते.