जादा कमिशनाची कबुली कशी द्यावी

आपण शिफारस केलेल्या विमा कंपनीकडूनच आपल्याला अधिक कमिशन मिळते, हे ग्राहकाला लेखी कळवण्याची वेळ आली, तर ब्रोकरांनी मुळीच गांगरून जाऊ नये. नियम कळवण्यापुरता असतो. ग्राहकाला ते कळावे याची हमी कोणी मागत नाही.

समजा, एका गोदामाचा विमा उतरवायचा आहे. पहिली कंपनी 2,00,000 हप्ता घेते आणि आपल्याला 22 टक्के कमिशन देते. दुसरी तितक्याच मालाला 1,90,000 मध्ये संरक्षण देते, पण आपल्या हाती 12 टक्केच ठेवते. म्हणजे एकीकडे 44,000, तर दुसरीकडे 22,800. ग्राहकाने 10,000 जादा भरले की आपले 21,200 वाढतात. हे चार आकडे पत्रात एका ओळीत कधीही येऊ देऊ नयेत. किंबहुना दुसऱ्या कंपनीचा उल्लेखच टाळावा. ‘आमचा मोबदला हप्त्यातच समाविष्ट असून तो कंपनीनिहाय भिन्न असू शकतो’ हे वाक्य पुरेसे आहे. ‘मिळतो’ म्हटले की ग्राहक किती ते विचारतो. ‘असू शकतो’ म्हटले की मान डोलावतो.

नफ्यावरील कमिशनाला मात्र अधिक हळुवार हाताळावे लागते. आपण दिलेल्या ग्राहकांचे दावे वर्षभरात कमी निघाले, तर काही कंपन्या वर्षअखेरीस वेगळी रक्कम देतात. दावा मंजूर व्हावा म्हणून ज्याने भांडायचे, त्याच्याच खिशाला तो मंजूर न होणे मानवते, असा याचा सरळ अर्थ होतो. म्हणून त्याला ‘दर्जाधारित प्रोत्साहन’ असे नाव द्यावे.

शिफारशीचे कारण ‘कंपनीची उत्तम सेवा’ एवढेच लिहावे. पहिल्या कंपनीच्या पॉलिसीत प्रत्येक दाव्यातील पहिले 50,000 ग्राहकाने सोसायचे आहेत, दुसरीत 25,000. शिवाय माल फरशीपासून 15 सेंटीमीटर उंच न ठेवल्यास पाण्याने झालेली हानी पहिली कंपनी भरून देत नाही. गोदामातली पोती थेट फरशीवर रचलेली आपण पाहणीच्या वेळी स्वतः पाहिली होती, पण कबुलीपत्राचा विषय कमिशन आहे, पोती नव्हेत.

पत्र पाठवण्याची वेळही साधावी. हप्ता जमा झाल्यानंतर, पॉलिसीच्या कागदांच्या गठ्ठ्यात, अटींच्या मागोमाग ते जोडले म्हणजे तुलना करण्याची तसदी ग्राहकाला पडत नाही. खाली ‘वाचले व समजले’ अशी सहीची जागा ठेवून तिथे पेन्सिलीने फुली मारून द्यावी.

एवढे करूनही एखादा चिकित्सक ग्राहक फोन करून ‘टक्के राहू द्या, रक्कम सांगा, आणि दुसऱ्या कंपनीकडून तुम्हाला किती मिळाले असते तेही सांगा’ असे म्हणालाच, तर त्याची आस्थेने विचारपूस करावी आणि सही केलेली प्रत अजून पोहोचली नसल्याची आठवण करून द्यावी.