पानामागचे फोड कापू नका, आधी नखाने खरवडा

"रबर प्लांट किंवा फिडल लीफच्या पानामागे फोड, तपकिरी ठिपके दिसले की बुरशी समजा. सगळी पानं लगेच कापा, नाहीतर घरातली बाकीची झाडंही जातील. दालचिनीचं पाणी फवारा. पानं गळत असतील तर रोज पाणी घाला."

डोंबिवलीच्या मावशीने हा सल्ला वाचून रबर प्लांटची चौदातली अकरा पानं कापली आणि मग मला फोटो पाठवला. कापलेली पानं उलटी मांडली होती. मागच्या बाजूला मोहरीएवढे उंचवटे, काहींवर बुचासारखी तपकिरी खपली. वरची बाजू मात्र चकचकीत, एक डाग नाही. हे बुरशीचं लक्षण नव्हे, याला इडीमा म्हणतात. पावसाळ्यात मळभ असतं, हवा दमट असते, त्यामुळे पानातून पाणी बाहेर पडत नाही. कुंडी ओली असल्याने मुळं मात्र ओढतच राहतात. शेवटी पेशी फुगून फुटतात आणि तिथे खपली धरते. मिसुरी बोटॅनिकल गार्डननेही इडीमा हा रोग नव्हे, पाण्याचा बिघडलेला हिशोब आहे, असंच सांगितलंय. तो एका झाडावरून दुसऱ्यावर जात नाही. खपली जात नाही, पण पान आपलं काम करत राहतं. अकरा निरोगी पानं गेली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

फिडल लीफच्या कोवळ्या पानावरचे बारीक लालसर ठिपकेही बहुतेक वेळा हेच असतात. पान मोठं होईल तसे ते फिके पडतात.

नुसत्या फोटोवरून एक गफलत मात्र होते. खवले कीडही अशीच तपकिरी, उंचवट्यासारखी दिसते. म्हणून नख लावून बघा. कीड सुटून येते, पान बरेचदा चिकट लागतं. इडीमाची खपली पानाचाच भाग असते, ती निघत नाही.

रोज पाणी घालण्याचा सल्ला सगळ्यात घातक. ओल्या मातीत मुळं कुजली की त्यांना पाणी ओढता येत नाही. झाड तहानल्यासारखं माना टाकतं, खालची पानं पिवळी पडून गळतात आणि माणूस आणखी पाणी ओततो. बोट दोन इंच मातीत घाला. ओल लागली तर थांबा. कुंडी खिडकीपासून आत हलवली असेल तर चांगली हिरवी पानंही गळतात. तिथे पाणी नाही, उजेड कमी पडतोय.

दालचिनीने इडीमाला काहीही होत नाही.

बुरशीचे आणि जिवाणूंचे डागही असतात, हे मान्य. पण ते पसरत जातात, दोन्ही बाजूंनी दिसतात, भोवती बरेचदा पिवळी कड असते. तेव्हा तेवढीच पानं काढा, हातमोजे घालून. चिकाने कातडीला खाज सुटते.

मावशीच्या कुंडीखालची ताटली काठोकाठ भरलेली होती. व्हिडिओ कॉलवर ती रिकामी करून घेतली, कुंडी खिडकीशी सरकवली. उरलेल्या तीन पानांना आता कात्री लावायची नाही, असं तिला बजावलंय.