ओल्या अंथरुणाचा उपाय दिवसा करायचा असतो

गणपतीला घर भरतं, चुलत-मावस भावंडं माजघरात ओळीने झोपतात, आणि सात वर्षांचा एकच मुलगा "मी नाय झोपणार सगळ्यांत" म्हणून आईला चिकटतो. सकाळी त्याची ओली चड्डी कपाटामागे सापडते. त्याला ओरडू नका. मूत्राशय भरल्याचा निरोप त्याच्या गाढ झोपेला भेदत नाही, त्यात आळस नाही की हट्ट नाही. "तुझ्यासारखं अजून कितीतरी मुलांचं होतं" एवढं त्याला एकदा शांतपणे सांगा.

मग त्याचा दिवस बघा. पाण्याची बाटली शाळेतून भरलेलीच परत येते. तिथला संडास घाण म्हणून तो दिवसभर शू दाबून धरतो. पाच वाजता घसा सुकलेला घरी येऊन दोन पेले कोकम सरबत, रात्री पेज नाहीतर कढी. दिवसभराचं पाणी झोपायच्या तोंडावर पोटात गेलं, तर अंथरूण कोरडं कसं राहणार?

बहुतेक घरांत यावर पाणीच तोडतात. आमच्या मते ही मोठी चूक. पाणी कमी करायचं नाही, त्याची वेळ बदलायची. दोनशे मिलीच्या पेल्याने दिवसाचे साधारण सहा पेले धरा. पाच पेले चार-साडेचारपर्यंत, उरलेला एक रात्रीच्या जेवणापर्यंत, आणि पेज-कढी त्यातच मोजायची. उकाड्यात किंवा खेळून आल्यावर जास्त लागेल, ते द्यायचंच. दर दोन-तीन तासांनी शू, झोपण्याआधी एकदा नक्की. शाळेतल्या बाईंना हळूच सांगून ठेवा. संडास परसात असेल तर पावसाळी काळोखात मूल जायला घाबरतं. न्हाणीत दिवा चालू ठेवा.

दुसरी गोष्ट हमखास सुटते, ती म्हणजे बद्धकोष्ठ. खडा झालेला मळ मूत्राशयाला मागून दाबतो, मग त्यात लघवी कमी मावते. लेंड्यांसारखी शी, आठवड्यातून दोनदाच होणं किंवा चड्डीला डाग, या त्याच्या खुणा. न्याहारीनंतर पाच-दहा मिनिटं बसवा. कमोड असेल तर पायाखाली पाट द्या. तरी जमलं नाही तर डॉक्टरांकडून औषध घ्या.

श्रावणात गोधडी चार-चार दिवस सुकत नाही. म्हणून मेणकापड, त्यावर जुनी सुती चादर, पुन्हा मेणकापड, पुन्हा चादर. रात्री वरची जोडी काढली की खाली कोरडं तयार. कॅलेंडरवर चांदणी द्यायची ती पाणी वेळेवर प्यायल्याची. कोरडी रात्र त्याच्या हातात नसते.

सहा महिने कोरडं राहून पुन्हा सुरू झालं, लघवीला जळजळ होते किंवा दिवसाही कपडे ओले होतात, तर डॉक्टरांना दाखवा. खूप तहान लागून वजन उतरत असेल तर त्याच दिवशी. एरवी वरचं सगळं करूनही फरक नसेल तर ओलावा लागताच वाजणारा अलार्म मिळतो. तो दोन-तीन महिने चिकाटीने लावावा लागतो, आणि सुरुवातीला मुलाला तुम्हालाच उठवावं लागतं.

सणापुरती, रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून, डेस्मोप्रेसिनची गोळीही डॉक्टर देतात. पण ती घेण्याआधी एक तास आणि नंतर आठ तास घोटभरापलीकडे पाणी चालत नाही, कारण रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. आरतीनंतर त्याच्या हातात सरबताचा पेला देणाऱ्या आत्येला हे आधी सांगून ठेवा.