बिलाची मर्यादा होती, तरी मेसेज आला नाही

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या पोस्टपेड बिलाने मला बराच धडा शिकवला. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी एका बिलावर तीन-चार नंबर असतील, म्हणून सगळं आकड्यांसकट सांगतो.

मुख्य नंबर माझा, 699 चा. बायको, मुलगी आणि बाबा हे तिघं अॅड-ऑनवर, प्रत्येकी 249. एकूण 1,446, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे दर महिन्याला 1,706 रुपये. खात्याची क्रेडिट लिमिट 6,000. ती मी कधी ठरवलीच नव्हती, कंपनीने ठेवली होती, आणि ती आहे म्हणजे आपण सुरक्षित, असं मी धरून चाललो होतो.

बाबा यात्रेच्या बसने मुक्तिनाथला गेले. जुन्या एका प्रवासासाठी त्यांच्या नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू केलं होतं, ते बंद करायचं राहून गेलं. सुनौलीची सीमा ओलांडताच फोनने नेपाळचं नेटवर्क पकडलं. बाबांनी मुद्दाम काही बघितलं नाही, पण व्हॉट्सअॅपवर गटाचे फोटो आपोआप उतरत राहिले. पॅक घेतलेला नव्हता, त्यामुळे सुट्या दराने 2,400 रुपये लागले. जीएसटी धरून 2,832. बिल आलं 4,538 चं.

त्याच वेळी माझ्या नंबरवर रोलओव्हरचा 140 जीबी डेटा पडून होता. त्याचा बाबांना काडीचा उपयोग झाला नाही. रोलओव्हर म्हणजे न वापरलेला देशातला डेटा पुढच्या महिन्यात जाणं, तोही ठरावीक कमाल मर्यादेपर्यंत. परदेशातल्या नेटवर्कवर तो चालत नाही. शिवाय आमच्या योजनेत प्रत्येक अॅड-ऑनचा कोटा वेगळा आहे, माझा साठा बाबांना मिळतच नाही. काही योजनांत सगळ्यांचा डेटा एकत्र असतो. तुमचं कसं आहे ते अॅपमध्ये बघाच. आणि आधी जुना डेटा वापरला जातो की नवा, हेही विचारा. आधी नवा वापरला जात असेल, तर साठा नुसता दिसतो, हाताला क्वचितच लागतो.

आता मुख्य गोष्ट. दूरसंचार नियामक ट्रायने 2005 सालीच कंपन्यांना सांगितलंय की पोस्टपेड ग्राहकाला त्याची क्रेडिट लिमिट कळवायची आणि वापर 80 टक्क्यांवर गेला की इशारा द्यायचा. मला इशारा का आला नाही? 6,000 चे 80 टक्के म्हणजे 4,800. आमचं बिल 4,538 वर थांबलं. नियम कुठेच मोडला गेला नाही, पण नेहमीच्या बिलाच्या साडेतीनपट मर्यादा ठेवली की ती घंटा घरातल्या कुणासाठीच वाजत नाही. ही मर्यादा मुळात कंपनीची उधारी बुडू नये म्हणून असते, तुमच्या खर्चाला लगाम म्हणून नव्हे. लगाम हवा असेल तर ती आपणच खाली आणायला हवी.

मी ती 2,500 करून घेतली. आता इशारा 2,000 ला येईल, म्हणजे नेहमीच्या बिलावर जेमतेम 294 रुपये चढले की लगेच कळेल. पण याचीही दुसरी बाजू आहे. मर्यादेत न भरलेलं मागचं बिलही धरलं जातं. म्हणून बिल आलं की मी त्याच दिवशी भरतो, नाहीतर नव्या महिन्याचा वापर सुरू होताच मर्यादा संपायची. आणि मर्यादा गाठली की आमच्या खात्यात एकट्या त्या नंबरचं नव्हे, चौघांचंही आउटगोइंग बंद होतं. मुलगी पुण्यात एकटी राहते, तिचा फोन माझ्या हिशेबामुळे बंद पडणं मला चालणार नाही. म्हणून मर्यादा अगदी घट्ट करू नका.

रोमिंगमध्ये मात्र ही घंटा उशिराही वाजू शकते. परदेशातल्या कंपनीकडून वापराची नोंद आपल्या कंपनीकडे यायला काही तास लागतात, आणि तेवढ्या वेळात व्हिडिओ बघणाऱ्याचं बिल मर्यादेच्या पुढे निघून जातं. तिथे खरा बंदोबस्त दोनच: जाण्याआधी पॅक घ्या, किंवा फोनच्या सेटिंगमध्ये डेटा रोमिंग बंद करा आणि कंपनीकडूनही त्या नंबरची आंतरराष्ट्रीय सेवा काढून घ्या. बाबांच्या नंबरची मी आता काढून टाकली आहे.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "बिल किती आलं रे?" मी आकडा सांगितला. त्यांनी काही न बोलता पाकीट काढलं. तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, कारण त्यांच्या फोनचं रोमिंग मीच सुरू केलं होतं आणि बंद करणं माझंच काम होतं.